चुनखडीचा टक्का आणि पिवळी द्राक्षबाग: माती लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नाशिकच्या माती-पाणी तपासणी लॅबमध्ये जे नवीन पोरं-पोरी येतात, बी.एस्सी. अ‍ॅग्री किंवा केमिस्ट्री करून, त्यांना पहिल्या काही आठवड्यात हमखास मिळणारं काम म्हणजे मुक्त चुनखडी. निफाड, दिंडोरी, चांदवडकडून द्राक्षवाल्यांची माती येते, सोबत तक्रार एकच, "शेंडे पिवळे पडलेत, जमिनीत चुना किती आहे ते सांगा". टेस्ट सोपी आहे, पण त्या टक्क्यावरून पानाबद्दल काय बोलायचं आणि काय नाही हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी टेस्ट. ५ ग्रॅम माती, हवेत वाळवलेली, २ मिमी चाळणीतून गेलेली. त्यात १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड १०० मिली. चुनखडी असेल तेवढं अ‍ॅसिड खाते, उरलेलं अ‍ॅसिड आपण सोडियम हायड्रॉक्साईडने मोजतो, म्हणजे आपण चुना थेट मोजतच नाही, खर्च झालेलं अ‍ॅसिड मोजतो, हे डोक्यात पक्कं असू द्या कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच निघतो. तासभर अधूनमधून हलवायचं, गाळायचं, गाळलेल्यातलं २० मिली पिपेटने कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून साधारण १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साईड सोडायचं. पिवळा रंग हिरव्यावरून निळ्याकडे झुकला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. माती न टाकता हेच सगळं केलं की तो ब्लँक.

हिशोबाला लांबलचक सूत्र पाठ करायची गरज नाही. १ नॉर्मल अ‍ॅसिडचं १ मिली म्हणजे ०.०५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, मग १०० मिली म्हणजे बरोबर ५ ग्रॅम, आणि माती पण आपण ५ ग्रॅमच घेतलीये. म्हणजे माती शंभर टक्के चुना असती तर सगळं अ‍ॅसिड संपलं असतं. म्हणून,

```
टक्के = 100 x (B - S) / B
B = ब्लँकचं रीडिंग, S = मातीचं रीडिंग
```

यात सोडियम हायड्रॉक्साईडची ताकद कुठेच येत नाही बघा. हे द्रावण बाटलीत हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन रोज थोडं बदलत राहतं, त्यामुळे ब्लँक त्याच दिवशी त्याच बाटलीतून घ्यायचा, कालचा आज चालवायचा नाही. अ‍ॅसिड मात्र खरंच १ नॉर्मल असायला पाहिजे, ते सोडियम कार्बोनेटवर तपासून घ्या.

चुका कुठल्या दिशेने जातात ते माहीत असलं की निम्मं काम झालं. अ‍ॅसिड एकदम ओतलं आणि फसफसून फेस फ्लास्कबाहेर गेला तर अ‍ॅसिड गेलं, चुना जास्त दिसणार. गाळणीखालचा फ्लास्क ओला असेल तर अ‍ॅसिड पातळ झालं, पुन्हा चुना जास्त दिसणार. म्हणून गाळलेल्या मातीवर वरून पाणी पण सोडायचं नाही, आपल्याला १०० मिलीतला पाचवा हिस्सा हवाय. उलट, द्रावणात कार्बन डायऑक्साईड अडकून राहिला तर तो सोडियम हायड्रॉक्साईड खातो आणि चुना कमी दिसतो, तेव्हा भरपूर फसफसणारी माती घाईने गाळू नका, अधूनमधून हलवत राहा, गॅस निघून जाऊ द्या. आणि काळ्या मातीचं गाळलेलं द्रावण लोहामुळे पिवळसर येतं, शेवटी शेवटी तपकिरी पुंजके दिसायला लागतात, एंड पॉइंट ओळखू येत नाही. शेजारी ब्लँकचा संपलेला फ्लास्क ठेवून रंग जुळवायचा, यापेक्षा चांगला उपाय मला तरी मिळालेला नाही.

आपल्या काळ्या जमिनीची अजून एक भानगड. चिकणमातीच्या कणांना चिकटलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पण अ‍ॅसिडमधल्या हायड्रोजनशी जागा बदलतं आणि तेवढं अ‍ॅसिड खातं, चुना नसतानाही. ज्या मातीची धनभार धरायची क्षमता १०० ग्रॅमला ५० मिलीइक्विव्हॅलंट आहे त्या ५ ग्रॅम मातीत हे अडीच मिलीइक्विव्हॅलंट होतं, म्हणजे खोटा अडीच टक्के चुना. त्यामुळे भारी काळ्या मातीत रिपोर्ट २ टक्के आला आणि अ‍ॅसिडचा थेंब टाकल्यावर मातीत एक बुडबुडाही नाही, तर त्या २ टक्क्यांवर शेतकऱ्याला सल्ला देऊ नका.

आता खरा मुद्दा. निफाड तालुक्यातल्या एकाच शेतकऱ्याचे दोन प्लॉट, दोन्हीकडे थॉमसन, कलमाखालचा खुंट एकच, खतं एकच. वरचा प्लॉट हिरवागार, नाल्याकडचा खालचा प्लॉट एप्रिल छाटणीनंतरच्या नव्या फुटीत पिवळा. माती जशी आली तशी, काही न काढता खलबत्त्यात पूर्ण कुटून, तपासली तर ब्लँक २०.४, वरच्या प्लॉटचं रीडिंग १७.३, खालच्याचं १८.१. म्हणजे हिरव्या प्लॉटमध्ये १५.२ टक्के आणि पिवळ्यात ११.३. शेतकरी म्हणाला, "साहेब, हे उलटं कसं?" आणि त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता.

दोन्ही नमुने टेबलावर शेजारी पसरले तर डोळ्यांनीच फरक कळतो. वरच्या मातीत चुनखडीचे खडे, ज्वारी-हरभऱ्याएवढे, पांढरट राखाडी, नखाने न फुटणारे. खालच्या मातीत खडे जवळपास नाहीत, पण ढेकूळ फोडलं की आत पांढरी भुकटी, धाग्यासारख्या रेषा. दोन्हीवर पातळ अ‍ॅसिडचा थेंब टाकला तर खालची माती क्षणात उसळते आणि संपते, वरची आधी गप्प, मग खड्यांच्या भोवती बारीक बुडबुडे बराच वेळ येत राहतात. हे प्रत्येक नमुन्याला करून बघा, त्याची वहीत नोंद ठेवा, फुकटची टेस्ट आहे.

मग वरची माती मुद्दाम दुसऱ्या पद्धतीने तयार केली, लाकडी हातोडीने फक्त ढेकळं फोडली, खडे चाळणीवर राहू दिले. आता रीडिंग १८.९, म्हणजे ७.४ टक्के. खालच्या मातीत दोन्ही पद्धतीने जवळपास तेच उत्तर. म्हणजे वरच्या प्लॉटचा निम्मा चुना खड्यांत बंद होता आणि आपण तो कुटून अ‍ॅसिडला वाढून दिला होता. मुळाजवळ तो खडा तसा कुणी कुटून देत नाही. चाळणीवर किती वजनाचे खडे राहिले ते मात्र वेगळं लिहायचं, फेकून गप्प बसायचं नाही.

मुळाला त्रास देतो तो बारीक, चिकणमातीच्या आकाराचा चुना, कारण पृष्ठभाग जास्त, पाण्यात लवकर विरघळतो. ओल्या मातीत मुळं आणि जिवाणू कार्बन डायऑक्साईड सोडतात आणि मग

```
CaCO3 + CO2 + H2O → Ca(HCO3)2
```

हे बायकार्बोनेट मुळाभोवती सामू ८ च्या आसपास धरून ठेवतं. द्राक्षाचं मूळ लोह घ्यायला आधी आम्ल सोडतं, मग फेरिक लोहाचं फेरस करतं, आणि बायकार्बोनेट ते आम्ल सोडल्या सोडल्या मारून टाकतं. सामू एकने वाढला की विरघळलेलं फेरिक लोह हजार पटीने कमी होतं, हे गणित आहेच. म्हणून खालचा प्लॉट, जिथे नाल्यामुळे ओल टिकते आणि वरून ड्रिप पण तेवढाच वेळ चालतो, तिथे हवा कमी, गॅस कोंडलेला, बायकार्बोनेट जास्त.

बारीक चुना वेगळा मोजायची पद्धत आहे, १९४२ साली फ्रान्समध्ये द्रुइनोने मांडलेली. अमोनियम ऑक्झलेटमध्ये माती दोन तास हलवायची आणि उरलेलं ऑक्झलेट पोटॅशियम परमँगनेटने मोजायचं. त्याला सक्रिय चुना म्हणतात. द्राक्षाच्या खुंटांची चुना सहन करायची जी आकडेवारी तुम्ही वाचता, उदाहरणार्थ ११०आर खुंटाला १७ टक्के, ती या सक्रिय चुन्याची असते, आपल्या अ‍ॅसिडवाल्या एकूण टक्क्याची नाही. हे दोन आकडे एकत्र करून "तुमचा खुंट चालेल" असं सांगणारे रिपोर्ट मी बघितलेत, तसं करू नका.

त्या शेतकऱ्याच्या खालच्या प्लॉटमध्ये डीटीपीए लोह, म्हणजे पिकाला मिळू शकणारं लोह, ५.२ पीपीएम होतं, आपण कमतरतेची सीमा धरतो त्या ४.५ च्या वर. तरी पान पिवळं. पानातलं एकूण लोह तपासलं तरी पुष्कळदा भरपूर दिसतं, कारण लोह पानात पोचतं पण कामाला येत नाही, शिवाय पान लहान राहिल्याने ते दाट झालेलं असतं. म्हणून पिवळेपणा खरंच लोहाचा आहे का ते वेलीलाच विचारायचं. नवीन पानं, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जुनी पानं ठीक, तर लोह. जुन्या पानांपासून सुरुवात असेल तर मॅग्नेशियम किंवा नत्र बघा. मग ०.५ टक्के फेरस सल्फेट, थोडं सायट्रिक अ‍ॅसिड टाकून, दोन-चार शेंड्यांवर संध्याकाळी फवारायचं, शेजारच्या शेंड्यांना नुसतं पाणी. आठवडाभरात जिथे थेंब पडले तिथे हिरवे ठिपके उठले तर प्रश्न मिटला. इथे उठले होते.

यानंतर शेतकरी विचारतोच, सल्फर टाकून चुना संपवता येईल का? गणित करून दाखवा. एक एकर, १५ सेंमी खोल माती साधारण ९ लाख किलो. ११ टक्के म्हणजे जवळपास १०० टन चुना. १०० किलो चुन्याला ३२ किलो गंधक लागतं, म्हणजे एकरी ३२ टन. हे कुणी करणार नाही. गंधक किंवा अ‍ॅसिड ड्रिपखालच्या छोट्या पट्ट्यात थोडा काळ उपयोगी पडतं, तेवढंच. नुसतं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेटच, जमिनीत टाकलं तर या मातीत ते लवकरच फेरिक होऊन बसतं, ईडीटीए चिलेट पण इतक्या सामूला लोह सोडून कॅल्शियम धरतं. टिकतं ते ईडीडीएचए, महाग आहे, म्हणून सगळ्या बागेला नाही, फक्त पिवळ्या ओळींना, नवी फूट सुरू होताना, ड्रिपमधून.

त्या रिपोर्टवर आम्ही शेऱ्यात लिहिलं ते असं: खालचा प्लॉट, चुना बारीक स्वरूपात, खडे नाहीत, पाण्याच्या पाळ्यांतलं अंतर वाढवा, नाल्याकडे चर काढा, पिवळ्या ओळींना ईडीडीएचए, विहिरीच्या पाण्याचं बायकार्बोनेट तपासून घ्या. वरचा प्लॉट, टक्का जास्त पण निम्मा खड्यांत, सध्या काही करू नका.