आरशाचे दिवे: टाइल लावण्याआधीची तयारी

आधी एक चाचणी करा. रात्री बाथरूममधला छताचा दिवा तेवढा लावा, आरशासमोर उभे राहा आणि हनुवटीखाली पाहा. तिथे काळोख असेल, डोळ्यांच्या खोबणी खोल वाटत असतील, तर दोष दिव्याच्या जागेचा आहे. उजेड वरून पडला की भुवया, नाक आणि हनुवटी आपापल्या खाली सावली टाकतात. जास्त वॉटचा बल्ब लावून ती जात नाही, उलट अधिक ठळक होते. आरशाच्या वर एकच आडवी पट्टी लावल्यास थोडा फरक पडतो, पण दाढी करताना जिथे पाहायचे असते तो जबड्याखालचा भाग तसाच राहतो.

म्हणून दोन उभे दिवे हवेत, आरशाच्या दोन्ही बाजूंना, समान उंचीवर. एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूचा उजेड भरून काढतो.

आता मोजमापे. घरातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या माणसाच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर पेन्सिलने खुणा करा. समजा त्या १६५ आणि १४५ सेंटिमीटर आल्या. मधला बिंदू १५५. त्यावर ६० सेंटिमीटर लांबीच्या दिव्याचा मध्य ठेवला, तर दिवा १२५ पासून १८५ पर्यंत जातो. बुटक्या माणसाची हनुवटी साधारण १३३ वर येईल, म्हणजे दिव्याचे खालचे टोक तिच्याही खाली राहून जबड्याला उजेड देते. बल्बाचे छोटे गोल दिवे घेतले तर हे साधत नाही, म्हणून मी लांब दिव्यांच्याच बाजूने आहे. आरसा ६० रुंद असेल, तर दोन्ही बाजूंना सात-सात सेंटिमीटर सोडून दिव्यांचे मध्य ठेवा. दोन दिव्यांत सुमारे ७५ चे अंतर येते. ते फार वाढवू नका, नाहीतर गालांवर उजेड आणि मधे नाकाजवळ अंधार दिसेल.

वायरचे पॉइंट टाइल लावण्यापूर्वीच काढून घ्या, आणि दोन्ही दिवे एकाच बटणावर ठेवा. बेसिनजवळ पाण्याचे शिंतोडे उडतात, त्यामुळे दिव्यावर IP44 किंवा त्याहून वरचा दर्जा लिहिलेला पाहा. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

दिवा दुधी आवरणाचाच घ्या. उघडे एलईडी डोळ्यांत टोचतात आणि सावलीच्या कडा धारदार करतात. खोक्यावर CRI ९० किंवा जास्त असावा, म्हणजे त्वचेचा खरा रंग आणि लालसर पुरळ नीट दिसते. दोन्ही दिवे एकाच छटेचे असणेही तितकेच महत्त्वाचे: एक ३००० आणि दुसरा ६५०० केल्विन असला, तर अर्धा चेहरा पिवळा दिसतो.

भिंत फोडण्याआधी शेवटची खात्री म्हणून दोघांना दोन बाजूंना ठरलेल्या उंचीवर दुधी बल्ब धरून उभे करा, छताचा दिवा बंद ठेवा आणि हनुवटी वर करून गळा पाहा. काळी पट्टी दिसली, तर दोघांनाही बल्ब थोडे खाली घ्यायला सांगा. ती जाते त्या उंचीपर्यंत दिव्याचे खालचे टोक यायला हवे.