उंची वाढत नाही म्हणून थेट ग्रोथ हॉर्मोन तपासताय? या चुका टाळा

आठ वर्षांचा मुलगा, उंची ११० सेंटीमीटर, वर्गाच्या रांगेत कायम पहिला. कुणीतरी सांगितलं म्हणून आईवडिलांनी सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्टमध्ये ग्रोथ हॉर्मोन ०.३ आलं आणि घरात इंजेक्शनांच्या खर्चाची चर्चा सुरू झाली. मुलांच्या हॉर्मोन तज्ज्ञाने मात्र तो कागद बाजूला ठेवला आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागवली. (हा मुलगा कुणी एक नाही. ओपीडीत वारंवार दिसणाऱ्या मुलांवरून रचलेलं हे उदाहरण आहे.)

चूक पहिली: ग्रोथ हॉर्मोन एकदाच तपासणं

हे हॉर्मोन दिवसभर सारखं पाझरत नाही. ते झटक्याझटक्याने सुटतं, आणि मोठे झटके रात्रीच्या गाढ झोपेत येतात. मधल्या वेळात धडधाकट मुलाच्या रक्तातही ते जवळपास शून्य असतं. त्यामुळे सकाळी दहाचा ०.३ हा आकडा काहीच सांगत नाही. ही तपासणी डॉक्टरांच्या क्रमात असते, पण अगदी शेवटी आणि वेगळ्या पद्धतीने.

चूक दुसरी: उंची मोजली, पण वाढ मोजली नाही

पहिली तपासणी म्हणजे मोजपट्टी. चप्पल-बूट काढून, टाचा आणि पाठ टेकवून, नजर समोर ठेवून, भिंतीला पक्क्या बसवलेल्या उंचीमापकावर. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. त्यातल्या तिसऱ्या पर्सेंटाइल रेषेखाली, म्हणजे त्या वयाच्या शंभर मुलांतल्या सर्वांत बुटक्या तिघांत, उंची असेल तर मूल बुटकं धरतात.

पण रेषेखाली असण्यापेक्षा वर्षभरात किती वाढ झाली हे जास्त बोलकं असतं. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ४ ते ६ सेंटीमीटर वाढतं. इथे घाई नडते. तीन महिन्यांनी मोजलं, त्यात एक सेंटीमीटरची चूक झाली आणि त्यावरून वर्षाचा वेग काढला, तर चूक चार सेंटीमीटरची होते. निदान सहा महिन्यांचं अंतर हवं, वर्षभराचं असेल तर उत्तम. आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात वर्षापूर्वी १०७ लिहिलं होतं. म्हणजे वर्षात फक्त ३ सेंटीमीटर.

पुढे आईवडिलांची उंची. वडील १७०, आई १५६, सरासरी १६३. मुलगा असेल तर त्यात ६.५ मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे. याची अपेक्षित उंची १६९.५ आली. ‘आमच्याकडे सगळे बुटकेच’ हे इथे लागू नव्हतं. आईवडिलांची उंची सांगण्यावर न सोडता मोजावी. पुरुषमंडळी दोनतीन सेंटीमीटर सहज वाढवून सांगतात.

चूक तिसरी: वजनाकडे दुर्लक्ष

मुलाचं वजन १६.५ किलो होतं, अंगाने काटकुळा. तज्ज्ञाचा विचार इथेच वळला. ग्रोथ हॉर्मोन किंवा थायरॉइड कमी असेल तर मूल सहसा बुटकं पण गुटगुटीत दिसतं. वजन उंचीपेक्षा जास्त मागे पडलं असेल, तर आधी पोट, आहार आणि जुने आजार बघतात.

मग पहिल्या फेरीच्या, तुलनेने स्वस्त तपासण्या: हिमोग्लोबिन, ईएसआर, किडनी आणि लिव्हर, कॅल्शियम-फॉस्फरस, लघवी, थायरॉइड, ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनाने आतडं बिघडवणाऱ्या सेलिअॅक आजारासाठी टीटीजी ही रक्ततपासणी, आणि हाडांचं वय बघायला डाव्या मनगटाचा एक्स-रे.

यात दोन खाचा आहेत. थायरॉइडसाठी नुसतं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारं पिट्युटरीचं हॉर्मोन, पुरत नाही. दोष मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत असेल, तर टीएसएच नॉर्मल दिसतं आणि खरी कमतरता थायरॉइडच्या स्वतःच्या फ्री टी-४ या हॉर्मोनमध्येच कळते. टीटीजीसोबत एकूण आयजीए, म्हणजे टीटीजी ज्या प्रकारात मोडतं त्या प्रतिपिंडांचं प्रमाण, बघावं लागतं. ज्या मुलात आयजीएच कमी असतं, त्याचं टीटीजी आजार असूनही निगेटिव्ह येतं.

आपल्या मुलाचं हिमोग्लोबिन ८.८ आलं. वर्षभर लोहाचं औषध चालू असून! आयजीए नॉर्मल होतं आणि टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त. आतड्याला ग्लुटेन सोसत नव्हतं, म्हणून लोह आणि अन्न दोन्ही नीट शोषलं जात नव्हतं.

‘गहू बाधतो’ असा संशय कानावर पडला की आजी त्याच दिवशी पोळी बंद करते. तसं करू नका. गहू थांबला की टीटीजी उतरू लागतं, आतडं भरून यायला लागतं, आणि मग रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा दोन्ही फसवे ठरू शकतात. निदान पक्कं होईपर्यंत पोळी चालू ठेवायची.

चूक चौथी: हाडांचं वय मागे म्हणजे ‘वाढेल आपोआप’

एक्स-रेमध्ये हाडांचं वय सहा वर्षांचं निघालं. उशिरा वयात येणाऱ्या निरोगी मुलांचंही असंच असतं, म्हणून बरेच जण इथे थांबतात. पण सेलिअॅक, थायरॉइड आणि ग्रोथ हॉर्मोनची कमतरता या सगळ्यांत हाडं मागेच राहतात. फरक वेग सांगतो: उशिरा फुलणारं मूल रेषेखाली असलं तरी वर्षाला चार-पाच सेंटीमीटर वाढत राहतं. तीनवर अडकलेलं मूल ‘आपोआप वाढेल’ या खात्यात घालता येत नाही.

चूक पाचवी: मुलगी ‘दिसायला ठीक’ म्हणून गुणसूत्रं न तपासणं

बुटक्या मुलीचं दुसरं कारण सापडत नसेल तर गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, करावीच. टर्नर सिंड्रोममध्ये मुलीचं एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं, पण पुस्तकात दिलेली रुंद मान किंवा सुजलेले पाय प्रत्येकीत नसतात. कित्येकदा कमी उंची हीच एकमेव खूण असते. शिवाय टर्नर निघालं तर ग्रोथ हॉर्मोनची कमतरता सिद्ध न करताही ते देता येतं. मोठी चाचणी वाचते.

मग ग्रोथ हॉर्मोनची ती मोठी चाचणी कधी?

पहिल्या फेरीत काही सापडलं नाही आणि वेग तरीही कमी असेल, तेव्हा. आधी रक्तातलं आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनमुळे तयार होणारं हॉर्मोन, बघतात, पण ते कुपोषणातही कमी येतं, त्यामुळे एकट्यावर विसंबत नाहीत. चाचणीच्या दिवशी मूल उपाशीपोटी येतं. ग्रोथ हॉर्मोन सुटायला लावणारी क्लोनिडिनची गोळी देऊन साधारण दोन तास, दर अर्ध्या तासाने सलाइनच्या सुईतून रक्त घेतात. मूल पेंगुळतं, रक्तदाब उतरतो, म्हणून हे देखरेखीखालीच होतं. निरोगी मुलंही एखाद्या चाचणीत नापास होतात, त्यामुळे सहसा दुसरं औषध वापरून चाचणी पुन्हा करतात. थायरॉइड कमी असेल तर ते आधी औषधाने ताळ्यावर आणावं लागतं, नाहीतर ग्रोथ हॉर्मोन खोटं कमी दिसतं. कमतरता पक्की ठरल्यावर पिट्युटरीचा एमआरआय.

आपल्या मुलावर ती वेळ आली नाही. दुर्बिणीच्या तपासणीत सेलिअॅक पक्कं झालं आणि गहू, रवा, मैदा, जव कायमचे बंद झाले. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी आणि भात चालू राहिले. घरात अडलं ते हिंगावर, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. वर्षभरानंतर टीटीजी उतरलं, हिमोग्लोबिन ११.९ झालं आणि उंची ११८.५. टीटीजी उतरूनही उंची अडलेलीच राहिली असती, तर मात्र डॉक्टरांनी क्लोनिडिनची तारीख दिली असती.