गाइडना उशिराचं पत्र लिहिताना या चुका टाळा

गंगापूर रोडवर संध्याकाळी फिरायला निघालं, की माझा एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी समोरून येताना दिसतो आणि मला पाहून अचानक गल्लीत वळतो. प्रकरण देण्याची तारीख उलटली आहे, हे त्यावरूनच कळतं. मीही माझ्या गाइडना असाच चुकवत असे, त्यामुळे राग येत नाही. मात्र चार-पाच महिन्यांच्या शांततेनंतर जे पत्र येतं, ते बहुतेक वेळा पुन्हा लिहून आणा म्हणावं असंच असतं.

मागच्या जूनमध्ये आलेलं एक पत्र इथे उदाहरणाला घेतो. लिहिणारी सिन्नरच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, राहायला नाशिकरोडला. विषय निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या द्राक्ष बागायतदारांचा खर्च आणि विक्रीव्यवस्था. प्रबंधाची प्रकरणं सहा. दुसरं आणि तिसरं मंजूर झालेलं, पहिलं कच्चं, चौथं, पाचवं आणि सहावं बाकी. चौथं फेब्रुवारीत द्यायचं होतं. तिचं पत्र दीड पानाचं होतं. त्यातलं एक पान सासूबाईंचं आजारपण, बारावीचे पेपर आणि बंद पडलेला लॅपटॉप यांवर. शेवटी दोन ओळी : ‘चौथं प्रकरण जवळजवळ ९० टक्के झालं आहे. जुलैत चौथं, ऑगस्टमध्ये पाचवं, सप्टेंबरमध्ये सहावं देऊन ऑक्टोबरमध्ये प्रबंध सादर करीन.’

कारणांनी पत्र भरून टाकणं

आजारपण खरं होतं आणि ते लिहायलाच हवं, पण दोन वाक्यांत. गाइडला कारणातून एकच गोष्ट समजून घ्यायची असते : अडचण संपली, की अजून चालू आहे? सासूबाई बऱ्या झाल्या असतील तर तो विषय तिथेच मिटला. पण बारावीचे पेपर पुढच्या वर्षीही येणार. म्हणजे ते कारण सांगून भागत नाही, त्याची जागा वेळापत्रकात ठेवावी लागते.

खरं कारण तर पत्रात नव्हतंच. समोर बसवून विचारल्यावर कळलं, की तिला २४० बागायतदारांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती आणि भरल्या होत्या १६८. उरलेल्या ७२ पैकी बहुतेक दिंडोरीतल्या. ऑक्टोबरमध्ये ती गेली तेव्हा फळधारणेसाठीची गोडी छाटणी चालू होती. जानेवारीनंतर गेली तेव्हा काढणी. बागेत मजुरांची टोळी लावलेली असताना, व्यापाऱ्याची गाडी उभी असताना कोण अर्धा तास बसून खर्चाचे आकडे सांगेल? ‘ताई, पुढच्या आठवड्यात या,’ असं ऐकून ती परत येत राहिली. ही गोष्ट लिहायला तिला लाज वाटत होती, कारण द्राक्षावरच प्रबंध लिहिणाऱ्याला द्राक्षाचं वेळापत्रक माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं. उलट ही एकच ओळ अशी होती, जिच्यावरून पुढचं सगळं ठरवता आलं असतं.

‘९० टक्के झालं’ असं लिहिणं

टक्क्यांवरून गाइडला काहीही कळत नाही. ज्या प्रकरणाची ७२ प्रश्नावलींची माहिती अजून बागेतच आहे, त्याची मांडणी झालेली असेल, जुन्या माहितीवर काही पानं लिहिलेली असतील, पण सारणी पूर्ण झाल्यावर ती पानं पुन्हा बदलणार. मोजता येईल तेवढंच लिहावं : किती प्रश्नावली भरल्या, त्यांतल्या किती संगणकात नोंदवल्या, किती पानं लिहिली, त्यांतली किती दाखवण्यासारखी आहेत. आणि जे आहे ते कच्चं असलं तरी पत्रासोबत जोडावं. बारा खडबडीत पानं हाती आली, की मी विद्यार्थ्यावर जितका विश्वास ठेवतो तितका ‘९० टक्के’वर कधीच ठेवत नाही.

वेळापत्रक इच्छेवरून आखणं

‘महिन्याला एक प्रकरण’ हे वेळापत्रक मी दरवर्षी पाहतो. सादर करायची तारीख आधी मनात धरायची आणि उरलेले महिने प्रकरणांना वाटून टाकायचे, असं ते तयार होतं. आम्ही तिची जुनी वही काढली. दुसरं प्रकरण ४६ पानांचं, लिहायला ११ आठवडे. तिसरं २८ पानांचं, ७ आठवडे. म्हणजे आठवड्याला चार पानांच्या आसपास. माझ्याकडे ती प्रकरणं तीन ते चार आठवडे होती आणि दुरुस्त्यांना आणखी दोन-तीन आठवडे लागले. ऑक्टोबरच्या वेळापत्रकात माझ्या वाचनाला एकही दिवस नव्हता. हे विसरणारे पुष्कळ असतात, आणि मग ‘सरांकडे अडकलं’ असं म्हणतात.

त्यानंतर द्राक्षाचं पंचांग मांडलं. एप्रिलची खरड छाटणी झालेली. पावसाळ्यात फवारण्या असतात, पण माणूस बोलायला मोकळा सापडतो. सप्टेंबर संपला की गोडी छाटणीची गडबड सुरू, मग थेट काढणीपर्यंत फुरसत नाही. (सटाण्याकडे आगाप, म्हणजे लवकर, छाटणी होते, तिथे हे गणित वेगळं पडलं असतं.) म्हणजे उरलेल्या ७२ प्रश्नावली सप्टेंबरअखेर झाल्या नाहीत, तर पुढची खरी संधी पुढच्या उन्हाळ्यात. एका रविवारी तिच्या सहा प्रश्नावली होतात, म्हणून १२ रविवार लागणार. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर साधारण १६ रविवार मिळतात. चार रविवार पावसासाठी आणि गणपतीसाठी राखीव.

इथे क्रमही बदलला. पाचवं प्रकरण निर्यातीच्या आणि बाजारभावाच्या प्रकाशित आकडेवारीवर होतं, त्याला बागेत जायची गरज नव्हती. मग चौथ्यासाठी थांबायचं कशाला? पाचवं आधी. रविवार बागेत जाणार म्हणून वेग चारऐवजी तीन पानांचा धरला : ३५ पानांना १२ आठवडे. चौथ्याची अंदाजे ५० पानं, म्हणजे १३ आठवडे, आणि ती बारावीच्या परीक्षांआधी संपायला हवीत.

हे सगळं बसवल्यावर पत्र असं झालं :

> आदरणीय सर,
> सप्रेम नमस्कार.
>
> चौथं प्रकरण फेब्रुवारीत देणार होते, ते दिलं नाही आणि तसं वेळेवर कळवलंही नाही, याबद्दल क्षमस्व. २४० पैकी १६८ प्रश्नावली भरल्या आहेत. मी छाटणीच्या आणि काढणीच्या काळात गेले, त्यामुळे ७२ राहिल्या, त्यांतल्या बहुतेक दिंडोरीतल्या. घरातलं आजारपण आता संपलं आहे.
>
> पाचव्या प्रकरणाला या माहितीची गरज नाही, म्हणून ते आधी लिहावं असं वाटतं. आपली संमती असावी.
>
> ३० सप्टेंबर : उरलेल्या प्रश्नावली पूर्ण
> १५ सप्टेंबर : पाचवं प्रकरण आपल्याकडे
> ३१ ऑक्टोबर : सर्व नोंदी आणि सारण्या, पाचव्याच्या दुरुस्त्या
> ३१ जानेवारी : चौथं प्रकरण आपल्याकडे
> ३० एप्रिल : चौथ्याच्या दुरुस्त्या, सहावं आणि सुधारलेलं पहिलं प्रकरण (फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपर तपासणी असल्याने वेग कमी धरला आहे)
> जून : संपूर्ण मसुदा
> जुलै-ऑगस्ट : साम्य तपासणी, सादरीकरण, प्रबंध सादर
>
> प्रत्येक प्रकरणासाठी आपल्या वाचनाचे चार आठवडे धरले आहेत. ते कमी पडत असतील तर कळवावं, मी तारखा बदलते. पाचव्याचा आराखडा आणि लिहिलेली १२ पानं सोबत जोडली आहेत. ३१ ऑगस्टला प्रश्नावलींचा आकडा कळवीन.
>
> आपली विद्यार्थिनी

ऑक्टोबरचा प्रबंध पुढच्या वर्षीच्या ऑगस्टवर गेला. तिला ते वाचताना धस्स झालं, मला मात्र पहिल्यांदा एखादी तारीख खरी वाटली. शेवटची ‘३१ ऑगस्ट’ मला सगळ्यात आवडली. मोठ्या तारखेआधी एक छोटी तारीख असली, की घसरण लवकर दिसते.

हे पत्र म्हणजेच मुदतवाढ समजणं

हा गोंधळ फार होतो. मी तारखा मान्य केल्या, म्हणून विद्यापीठानं मान्य केल्या असं होत नाही. पीएच.डी.साठी यूजीसीच्या नियमांत कमाल सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात आणि महिलांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आहे. त्यासाठी संशोधन केंद्रामार्फत वेगळा अर्ज लागतो. आमच्या उदाहरणात सहा वर्षं पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संपत होती आणि वेळापत्रक ऑगस्टला संपत होतं, म्हणून अर्जाची गरज पडली नाही. चारच महिने हाताशी असल्यानं तारीख मनात नको, कागदावर लिहून ठेव, एवढं सांगितलं. सहामाही संशोधन सल्लागार समितीपुढे जातानाही हेच वेळापत्रक न्यायचं. गाइडला एक आणि समितीला दुसरं दाखवलं, की पकडले जातोच.

उत्तर आलं नाही तर

आठवडा-दहा दिवसांत उत्तर नसेल तर तेच लांब पत्र पुन्हा पाठवू नका. एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं असेल : ‘सर, पाचवं प्रकरण आधी लिहायला घेऊ का?’ मीही बऱ्याचदा पूर्ण वेळापत्रक वाचून नंतर सविस्तर उत्तर देऊ म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. गाइडनी ‘नाही, याच डिसेंबरमध्ये सादर कर’ म्हटलं, तर ‘हो सर’ म्हणून घरी येऊ नये. डिसेंबर गाठायचा तर काय सोडावं लागेल ते विचारावं : नमुना २४० चा कमी करायचा, की पाचव्याचा एखादा भाग वगळायचा? नमुना कमी करणं हा गाइडचा आणि समितीचा निर्णय आहे, विद्यार्थ्यानं तो परस्पर घ्यायचा नसतो.

सुधारलेली तारीखही हुकली तर

ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला. ३१ ऑगस्टला तिचा मेल आला. बारा रविवारांत सात फेऱ्या झाल्या होत्या, ४२ प्रश्नावली भरल्या होत्या, ३० बाकी होत्या. राखीव रविवार संपून आणखी एक गेला होता. क्षमायाचना नव्हती, आजारपण नव्हतं. लिहिलं होतं, की पाच फेऱ्या लागतील आणि सप्टेंबरमध्ये रविवार चारच उरले आहेत, म्हणून एका शुक्रवारी किरकोळ रजा टाकते, बाकी तारखा तशाच. खाली एक ओळ : ‘पाचव्याची २९ पानं झाली.’ मी मोबाइलवरून ‘ठीक’ एवढंच उत्तर पाठवलं आणि १५ सप्टेंबरनंतरचे चार आठवडे माझ्या डायरीत तिच्या नावावर टाकले.