ग्राहक हॉटेलात पडला? तो निघून जाण्याआधी या चुका टाळा

रविवारची दुपार, पावणेदोनची वेळ. थाळीचं हॉटेल, बाहेर वेटिंगची रांग. हात धुवायच्या बेसिनपाशी साठीच्या एक काकू घसरल्या आणि डाव्या हातावर पडल्या. वेटरनं त्यांना उठवून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "काही नाही झालं रे, मी ठीक आहे," असं त्या म्हणाल्या. दहा मिनिटांत सगळं कुटुंब रिक्षात बसून गेलंही. ड्युटीवर मॅनेजर मीच होतो. रात्री वहीत लिहिलं: "बेसिनजवळ कस्टमर पडल्या. किरकोळ मार. सर्व ठीक."

बुधवारी त्यांच्या मुलाचा फोन आला. मनगटाचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं होतं. दीड महिन्यानं वकिलाची नोटीस आली. त्यात पडण्याची जागा बेसिन नव्हती, दाराची पायरी होती, आणि उजव्या गुडघ्यालाही मार लागल्याचं लिहिलं होतं. आता खरं काय ते सांगायला माझ्याकडे त्या तीन वाक्यांपलीकडे काहीच नव्हतं. काकू खोटं बोलत होत्या असं मला आजही वाटत नाही. दीड महिन्यात माणसाच्या आठवणी सरकतात. माझ्याही सरकल्या होत्या.

"किरकोळ मार" असं लिहिणं

मार किरकोळ आहे की नाही हे डॉक्टर ठरवतो, मॅनेजर नाही. मनगटातलं एक छोटं हाड असं आहे की ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. वयस्कर माणूस कमरेशी हाड मोडूनही कधी कधी चार पावलं चालतो. म्हणून वहीत निष्कर्ष नको, दिसलं आणि ऐकलं ते लिहा. शरीराचा कोणता भाग, डावा की उजवा, सूज किंवा रक्त दिसलं का, हात किंवा पाय हलवता येत होता का, माणूस स्वतः चालत गेला की आधारानं. गिऱ्हाइकाचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे.

दोन प्रश्न मात्र न चुकता विचारा. डोकं आपटलं का? आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? ती गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार बसला तर आतला रक्तस्राव काही तासांनी उघड होऊ शकतो. उत्तर "हो" आलं तर गोड बोलून का होईना, पण दवाखान्यात पाठवा. रुग्णवाहिका किंवा रिक्षा देऊ केली आणि त्यांनी नको म्हटलं, तर तेही वेळेसकट लिहा.

आधी फडका, मग फोटो

ही सगळ्यांत महाग चूक, आणि ती चांगल्या हेतूनं होते. कुणी पडलं की हाउसकीपिंगचा पोरगा धावत येऊन फरशी कोरडी करतो. मग ती ओली होती की नव्हती, पाणी होतं की आमटी, हे कायमचं पुसलं जातं. एका वेटरला तिथे उभं करा, दोन खुर्च्या आडव्या लावा, दोन मिनिटांत फोटो काढा आणि मगच पुसा.

पहिला फोटो लांबून, म्हणजे बेसिन, टेबलं, दिवे आणि "फरशी ओली आहे" ही पाटी कुठे होती (किंवा नव्हती) हे एकाच चौकटीत येतं. दुसरा कमरेच्या उंचीवरून, तिसरा जवळून. पायरीवर पडले असतील तर पायरीला स्टीलची पट्टी लावून फोटो घ्या, उंची त्यातच मोजली जाते. गिऱ्हाईक हरकत घेत नसेल तर चपलेच्या तळव्याचाही फोटो घ्या. नाही म्हणाले तर वहीत चपलेचा प्रकार लिहा: रबरी, चामडी, टाच किती, तळवा झिजलेला की नवा. मी हे काहीच केलं नव्हतं.

सीसीटीव्हीत आहेच, असं धरून चालणं

डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं चित्रण नव्याखाली जातं. किती दिवसांनी, हे डिस्क आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरतं. आमच्याकडे वीस दिवस टिकायचं आणि नोटीस आली पंचेचाळिसाव्या दिवशी. त्यामुळे फुटेज त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवा. फक्त पडतानाची वीस सेकंदं नकोत, आधीचा अर्धा तास आणि गिऱ्हाईक बाहेर जाईपर्यंतचं सगळं हवं. पाणी कधी सांडलं, कोण तिथून गेलं, शेवटचा पोछा कधी मारला, हे त्या अर्ध्या तासातच कळतं. भांडण बहुतेक वेळा "पाणी होतं का" यावर कमी आणि "किती वेळ होतं" यावर जास्त असतं.

डीव्हीआरचं घड्याळही मोबाइलशी ताडून पाहा. सात मिनिटं पुढे असेल तर तसं वहीत लिहा, नाहीतर बिलावरची वेळ आणि चित्रणातली वेळ जुळत नाही म्हणून दोन्हींवर शंका घेतली जाते.

चेकलिस्ट नंतर भरणं

स्वच्छतेच्या तक्त्यावर दीड वाजताची सही राहून गेली असेल तर ती तशीच कोरी ठेवा. घटनेनंतर केलेली सही फुटेजमध्ये पकडली जाते आणि मग खऱ्या सह्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. पाहणाऱ्या प्रत्येक वेटरकडून वेगळं, स्वतःच्या हातानं लिहून घ्या, तेही त्यांनी आपसात चर्चा करण्याआधी. शेजारच्या टेबलावरच्या कुणी पाहिलं असेल तर विनंती करून त्यांचा नंबर घ्या. त्यांचं बिल झालं की ते पुन्हा सापडत नाहीत.

"आमची तक्रार नाही" यावर सही मागणं

दुखावलेल्या माणसापुढे असा कागद सरकवला की तो आधी चिडतो, आणि वेदनेत घेतलेल्या सहीला पुढे फारसं वजनही राहत नाही. त्याऐवजी तुमची नोंद त्यांना वाचून दाखवा आणि "काही चुकलं असेल तर सांगा" म्हणा. दुरुस्ती सुचवली तर तीही लिहा. बोलताना "आमचीच चूक" नको आणि "बघून चालायचं ना" तर अजिबात नको. गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाई भरणारा पब्लिक लायबिलिटी विमा असेल तर भरपाईचा शब्द देण्याआधी विमा कंपनीला कळवा.

नाव, मोबाइल, टेबल क्रमांक आणि बिल क्रमांक एकत्र लिहा. बिल बहुधा मुलाच्या किंवा जावयाच्या नावावर असतं, म्हणून पडलेल्या व्यक्तीचं नाव वेगळं विचारा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार करायला दोन वर्षं मिळतात, आणि ती गिऱ्हाईक स्वतःच्या जिल्ह्यातही दाखल करू शकतं. दोन वर्षांत निम्मे वेटर गावी गेलेले असतात.

त्या रविवारची नोंद आज मी अशी लिहीन: "दु. १.४४. टेबल ९. बेसिनच्या डाव्या बाजूला, दारापासून सुमारे २० फुटांवर. फरशीवर ताटाएवढं पाणी, पाटी नव्हती. पायात चामडी चप्पल. डाव्या तळहातावर पडल्या, डोकं आपटलं नाही असं म्हणाल्या. डावं मनगट उजव्या हातानं धरून होत्या. 'काही नाही झालं रे, मी ठीक आहे.' रिक्षानं दवाखान्यात नेऊ का विचारलं, नको म्हणाल्या. १.५५ ला चालत गेल्या. फोटो ६, फुटेज उतरवलं. उद्या सकाळी ११ ला फोन करायचा."