आईचे दागिने विकताना : खरेदी किंमत आईची धरायची, मुदतही आईचीच

वारशाने आलेले दागिने सराफाकडे मोडले की दोन प्रश्न उभे राहतात. नफा किती झाला? आणि तो दीर्घ मुदतीचा की अल्प मुदतीचा? बहुतेक जण इथे एक साधीच चूक करतात. आई गेली त्या दिवशीचा सोन्याचा भाव ते खरेदी किंमत म्हणून धरतात आणि मुदतही त्याच दिवसापासून मोजतात. आयकर कायदा मात्र वारसा मिळाल्याची तारीख विचारतच नाही. मृत्यूनंतर दागिना वारसाच्या हाती येणे हे करासाठी ‘हस्तांतर’ नव्हे, त्यामुळे त्या वेळी कर लागत नाही. पण त्या तारखेला नवी किंमतही तयार होत नाही. आधीच्या मालकाने दिलेली किंमत तुमची ठरते आणि त्याने दागिना सांभाळलेली वर्षे तुमच्या खात्यात जमा होतात. १९६१ च्या कायद्यात किमतीची तरतूद कलम ४९(१) मध्ये आणि मुदतीची कलम २(४२अ) मध्ये आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले, सूत्र तेच राहिले.

एक उदाहरण घेऊ. आई सप्टेंबर २०२४ मध्ये वारली. तिचे तीन दागिने तुमच्याकडे आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तुम्ही ते विकले. आजीकडून आईकडे आलेल्या पाटल्या, आईने २००८ मध्ये केलेला पोहेहार आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतलेली एक साखळी. तिन्ही २२ कॅरेटचे. विक्रीचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला ९,००० रुपये धरू.

पहिली पायरी : खरा ‘आधीचा मालक’ शोधा

आधीचा मालक म्हणजे ज्याच्याकडून दागिना तुमच्या हाती आला तोच, असे नाही. ज्याने तो शेवटचा पैसे देऊन घेतला, तो. मधे वारसा, मृत्युपत्र किंवा बक्षीस असेल तर त्या कड्या सोडून मागे जायचे.

पाटल्या आजीने केल्या होत्या आणि आईला त्या वारशाने मिळाल्या, म्हणून त्यांच्या बाबतीत आधीची मालक आजी. पोहेहार आणि साखळी आईने स्वतः घेतली, तिथे आई. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी तिला घातलेले दागिने हे बक्षीस असते, त्यामुळे तिथे मागे जात जात आजोबांच्या खरेदीपर्यंत पोचावे लागते. घरातल्या मोठ्यांना विचारा, लग्नाच्या अल्बममधले फोटो काढा. कोणता दागिना कोणाच्या अंगावर कोणत्या वर्षी दिसतो, यावरूनही पुष्कळ कळते.

दुसरी पायरी : प्रत्येक दागिन्याची मुदत वेगळी मोजा

२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दागिन्यांसाठी २४ महिन्यांची रेघ आहे. आधी ती ३६ महिन्यांची होती. मूळ खरेदीपासून विक्रीपर्यंत २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ गेला असेल तर नफा दीर्घ मुदतीचा, नाहीतर अल्प मुदतीचा.

पाटल्या आणि पोहेहार यांत प्रश्नच नाही. तुमच्या हातात ते जेमतेम ११ महिने होते, तरी आजीची आणि आईची वर्षे मिळून ते दीर्घ मुदतीचेच ठरतात. साखळीचे मात्र तसे नाही. फेब्रुवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५ म्हणजे १८ महिने. आईचे महिने जोडूनही रेघ ओलांडली जात नाही, म्हणून तिचा नफा अल्प मुदतीचा. पुढच्या फेब्रुवारीत २४ महिने उलटेपर्यंत थांबला असतात तर तो दीर्घ मुदतीत गेला असता. घाई नसेल तर अलीकडचा दागिना शेवटी विकावा, तो याचसाठी.

तिसरी पायरी : खरेदी किंमत ठरवा

खरे काम इथे आहे. पोहेहाराची २००८ ची पावती सापडली असे समजू. २५ ग्रॅम, मजुरी आणि करासह एकूण ३०,३०० रुपये. मजुरी हा खरेदी किमतीचाच भाग आहे, ती वगळू नका.

पावतीवर एक सापळा मात्र असतो. त्या काळी बहुतेक बायका जुने सोने देऊन नवा दागिना करत. मग पावतीत एकूण रक्कम ३०,३००, ‘जुने सोने वजा’ १८,०००, ‘देणे बाकी’ १२,३०० अशा तीन ओळी दिसतात. लोक शेवटची ओळ उचलतात. ते चूक आहे. जुने सोने सराफाला विकून त्या पैशांत नवे घेतले, असाच त्या व्यवहाराचा अर्थ होतो, म्हणून खरेदी किंमत ३०,३०० आणि मुदत २००८ पासून. हाच नियम आज तुम्हालाही लागू आहे. आईचे दागिने देऊन नवे घेतले आणि हातात एक रुपयाही आला नाही, तरी ती विक्रीच, आणि त्यावर नफा मोजावाच लागतो. आपलेच सोने सोनाराकडे आटवून फक्त मजुरी देऊन नवा घाट करून घेतला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे विक्री झालेलीच नसते. जुनी तारीख कायम राहते आणि मजुरी सुधारणेचा खर्च म्हणून मूळ किमतीत मिळवता येते.

पाटल्यांची पावती नाही, आणि असती तरी तिचा उपयोग नव्हता. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या मालमत्तेला कायदा एक मुभा देतो : मूळ किमतीऐवजी त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. तेव्हा शुद्ध सोने १० ग्रॅमला साधारण सव्वाचार हजारांच्या आसपास होते. २२ कॅरेटचा ग्रॅम ३९० रुपये धरू. बाजारभाव म्हणजे त्या दिवशी दागिना विकला असता तर किती मिळाले असते, म्हणून यात मजुरी सहसा धरत नाहीत.

वजन मात्र निव्वळ सोन्याचेच हवे. जुन्या पाटल्यांच्या पोटात लाख भरलेली असते, काही दागिन्यांत खडे असतात. काट्यावर ४४ ग्रॅम दिसले आणि लाख वजा जाता सोने ४० ग्रॅम निघाले, तर किंमत ४० ग्रॅमचीच : १५,६०० रुपये. त्यातून जुन्या दागिन्यांचा कस २२ कॅरेटपेक्षा कमी निघणे नवीन नाही. म्हणून दागिने नोंदणीकृत मूल्यांककाकडून तपासून घ्यायचे असतील तर विक्रीच्या आधी घ्या. एकदा मुशीत गेलेल्या पाटल्यांचे ना वजन सिद्ध करता येते ना वय.

२००१ नंतरच्या खरेदीची पावती हरवली असेल तर? आधीच्या मालकाला पडलेली किंमत कळणे शक्यच नसेल, तर त्याने दागिना घेतला त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. पण मग ती तारीख कशावरून, हे दाखवता आले पाहिजे. जुनी बँकबुके, लॉकरमधल्या चिठ्ठ्या, मृत्युपत्रातली यादी, पूर्वीच्या संपत्तीकराच्या विवरणपत्रातली नोंद, यांतले काहीतरी कामाला येते.

चौथी पायरी : नफा आणि कर

पाटल्या ३,६०,००० ना गेल्या. त्यातून १५,६०० वजा, नफा ३,४४,४००. पोहेहार २,२५,००० ला गेला, ३०,३०० वजा, नफा १,९४,७००. दोन्ही मिळून दीर्घ मुदतीचा नफा ५,३९,१००. २३ जुलै २०२४ नंतर सोन्यावर महागाई निर्देशांकाचा फायदा मिळत नाही, कर सरळ १२.५ टक्के. तो ६७,३८७.५० होतो आणि ४ टक्के उपकर धरून ७०,०८३ रुपये. जुन्या लेखांत सापडणारा २० टक्क्यांचा आणि निर्देशांकाचा हिशेब सोन्याला आता लागत नाही.

साखळी १० ग्रॅम, पावती ६५,७०० ची, विक्री ९०,००० ला. अल्प मुदतीचा नफा २४,३००. हा तुमच्या बाकीच्या उत्पन्नात मिसळतो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये उपकरासह ७,५८२ रुपये. दीर्घ मुदतीत गेली असती तर याच नफ्यावर ३,१५९.

आता सुरुवातीची चूक करून पाहू. आई गेली तेव्हाचा भाव समजा ग्रॅमला ६,८०० होता. पाटल्यांची किंमत २,७२,००० धरली तर नफा फक्त ८८,००० दिसतो, तोही ११ महिन्यांचा म्हणून अल्प मुदतीचा. नफा अडीच लाखांहून जास्त कमी दाखवलेला आणि रकानाही चुकीचा. नोटीस आली तर यात बचाव नाही.

उलट टोकाची माणसेही भेटतात. पावती नाही म्हणून खरेदी किंमत शून्य लिहून मोकळी होतात. खरे सांगायचे तर पाटल्यांसारख्या फार जुन्या सोन्यात त्यांचे फारसे बिघडत नाही. १५,६०० रुपयांची वजावट म्हणजे उपकरासह १३ टक्क्यांच्या हिशेबाने २,०२८ रुपयांची बचत. मूल्यांककाची फी याहून जास्त असेल तर केवळ कर वाचवायला अहवाल करून घेण्यात अर्थ नाही. पण दागिना जितका अलीकडचा तितकी त्याची किंमत मोठी, आणि पावती शोधण्याचे मोल तितके जास्त. साखळीची पावती हरवली असती तर काय झाले असते, त्याचा आकडा काढून पाहा. शिवाय अहवालात दागिन्याचे वर्णन आणि वय नोंदलेले असते. सोने आले कुठून, या प्रश्नाला तो कागद उत्तर देतो. एवढ्यासाठी मी मोठ्या वजनाच्या दागिन्यांचा अहवाल करून घ्यायला सांगतो.

पाचवी पायरी : पैसे घेताना आणि विवरणपत्रात

सराफाकडून प्रत्येक दागिन्याची स्वतंत्र ओळ असलेली खरेदी-चिठ्ठी मागा : एकूण वजन, वजावट, कस, निव्वळ वजन, दर. तिन्ही दागिने एकत्र वितळवून एकच आकडा लिहून दिला, तर वर केलेला सगळा हिशेब हवेत राहतो. पैसे बँकेतच घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेण्यास कायद्याने मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे तुम्हाला.

या नफ्यासाठी आयटीआर-२ लागतो, आयटीआर-१ चालत नाही. वर्षाचा एकूण देय कर टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून अधिक होत असेल, तर विक्रीनंतरच्या उरलेल्या हप्त्यांत आगाऊ कर भरा, नाहीतर व्याज लागते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ करातून सूट आहे.

दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर टाळण्याचा एक मार्ग म्हणजे १९६१ च्या कायद्यातले कलम ५४एफ : ठरलेल्या मुदतीत राहते घर घेणे. पण त्यासाठी फक्त नफा नव्हे, विक्रीची सगळी रक्कम घरात गुंतवावी लागते, तरच पूर्ण सूट. पाटल्या आणि पोहेहार मिळून ती ५,८५,००० रुपये होते. घर घ्यायचेच ठरलेले असेल तर त्यातले एवढे पैसे या विक्रीचे म्हणून दाखवता येतात. एरवी ७०,००० वाचवायला कोणी घर घेत नाही.