निधनाचा निरोप: फॉरवर्ड झाल्यावर गोंधळ करणाऱ्या चुका टाळा

गावातून मयताचा निरोप निघतो तो आधी भाऊकीच्या ग्रुपवर जातो. तिथून मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर, मग सोयऱ्यांकडे, माहेरच्यांकडे, आणि तासाभरात त्या घराचं तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या फोनवर. निरोप लिहिणारा मात्र तो आपल्या ओळखीच्या दहा जणांसाठी लिहितो. बहुतेक घोटाळे इथेच होतात. म्हणून लिहिताना डोळ्यांसमोर ठेवायचा तो चौथ्या हातातून निरोप वाचणारा माणूस. त्याला फोन न करता सगळं कळलं पाहिजे.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 'माझे बाबा गेले' किंवा 'आमची आई आज आपल्याला सोडून गेली' असा मेसेज. मुलाने तो दुःखाच्या भरात लिहिलेला असतो आणि घरच्या ग्रुपवर तो बरोबरच असतो. पण चुलतभावाने तो जसाच्या तसा पुढे पाठवला की वाचणाऱ्याला वाटतं, चुलतभावाचेच वडील गेले. मग ज्याचे वडील धडधाकट माडाखाली बसलेले आहेत त्याला सांत्वनाचे फोन सुरू होतात. त्या म्हाताऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना हे किती लागतं ते तुम्हीच विचार करा. निरोपात 'माझे', 'आमची' हे शब्द नकोतच. पूर्ण नाव हवं, आणि नातं खाली सहीत लिहायचं.

पूर्ण नावही कोकणात पुरत नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन परब, सावंत, राणे असतात. म्हणून गाव, तालुका आणि वाडी तिन्ही लिहा. शिरगाव देवगड तालुक्यात आहे, रत्नागिरीजवळ आहे आणि चिपळूण तालुक्यातही आहे. नुसतं 'शिरगाव येथे' वाचून माणूस चुकीच्या गाडीत बसू शकतो. देऊळवाडी, भंडारवाडी, बाजारवाडी तर गावोगावी. त्यातून पुरुष मंडळी गावात ओळखली जातात ती आबा, भाई, दाजी, तात्या या नावांनी. रेशनकार्डावरचं नाव वाचून शेजारच्या वाडीतला माणूसही विचारतो, "ह्ये खंयचे?" तेव्हा हाकेचं नाव कंसात द्या.

बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे माहेर. लग्न होऊन पन्नास वर्षं झालेल्या बाईला माहेरच्या गावात सासरच्या नावाने कोणी ओळखत नाही. निरोप तिच्या भाचरांपर्यंत पोहोचतो, पण ही आपली आत्या हे त्यांच्या लक्षातच येत नाही. माहेरचं नाव आणि गाव एका ओळीत बसतं. 'सौ.' आणि 'श्रीमती' हेही नीट बघून लिहा. यजमान हयात आहेत की नाहीत, हे दूरच्या माणसाला त्यावरूनच कळतं.

दुसरी मोठी चूक 'आज' आणि 'उद्या'. 'आज रात्री निधन झाले, अंत्यसंस्कार उद्या सकाळी' हा मेसेज कोणी दुसऱ्या दिवशी पुढे पाठवला, तर त्यावर वेळ पडते ती पाठवल्याची. वाचणारा अंत्यसंस्कार त्याच्याही दुसऱ्या दिवशी सकाळी आहेत असं समजून रात्रीची गाडी पकडतो आणि पोहोचतो तेव्हा राख सावडणं चाललेलं असतं. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकलं तर दुसऱ्यावरून लक्षात येतं.

मध्यरात्रीनंतरच्या मृत्यूत हा घोळ दुप्पट होतो. समजा, देवगडच्या शिरगावात सुमन परब नावाच्या आजी मंगळवारच्या रात्री १ वाजून ४० मिनिटांनी वारल्या. घरातले सगळे म्हणणार, 'मंगळवारी रात्री गेली.' कॅलेंडरने तो बुधवार, १२ नोव्हेंबर. मुलगा बोरिवलीला. त्याला आणि कुडाळच्या मुलीला पुतण्याने आधी फोनवर सांगितलं. जवळच्या माणसाला ही बातमी ग्रुपवरून कळू नये, आणि गाडी चालवत असलेल्याला तर मुळीच नाही. दोघांशी बोलणं झाल्यावरच मेसेज लिहिला. तो असा:

> दुःखद निधन
> श्रीमती सुमन दत्ताराम परब (माई), वय ७८, यांचे बुधवार, १२ नोव्हेंबर रोजी पहाटे १.४० वाजता (मंगळवारची रात्र) शिरगाव, देऊळवाडी, ता. देवगड येथील राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले.
> माहेर: तावडे, कासार्डे, ता. कणकवली.
> अंत्ययात्रा: बुधवार, १२ नोव्हेंबर, सायंकाळी ४.३० वाजता राहत्या घरून. मुलगा मुंबईहून दुपारपर्यंत पोहोचेल. ४.३० नंतर थांबणे शक्य नाही.
> चौकशी: संतोष परब (पुतणे), मोबाईल नंबर
> विनायक परब (मुलगा) व परब कुटुंबीय
> बुधवार, पहाटे ४.००

शेवटच्या ओळीतली वेळ फार उपयोगाची. पुढे काही बदललं तर कोणता मेसेज नवा हे तिच्यावरून ठरतं. 'हृदयविकाराने, राहत्या घरी' एवढ्या तीन शब्दांनी 'कसं काय झालं?' विचारणारे कितीतरी फोन वाचतात. आजाराची हकीकत, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, हे मात्र निरोपात आणू नका. मेसेज लांबला की फोनवर तो अर्धाच दिसतो आणि अंत्ययात्रेची वेळ नेमकी खालच्या न उघडलेल्या भागात राहते. मृतदेहाचा फोटो कधीही टाकू नये.

'मुंबईची मंडळी आल्यावर' ही वेळ नव्हे. गाववाल्यांना लाकडं, तिरडी, खांदेकरी यांची तयारी करायची असते आणि वाटेत असलेल्यांना ठरवायचं असतं की थेट घरी जायचं की स्मशानात. कोणासाठी किती थांबणार ते घरातल्या एकाच माणसाने ठरवून घड्याळाची वेळ द्यायची. वाडीत मृतदेह ठेवण्याची सोय नसते. त्यासाठी शवपेटी मागवावी लागते किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या शवागारात न्यावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं असेल तर तो निर्णय निरोप लिहिण्याच्या आधी व्हायला हवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या संथ चालतात. त्या दिवसांत वेळ धरताना हे हिशेबात घ्या. किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरांत दफन बहुधा लवकर होतं. तिथेही 'जोहरनंतर', म्हणजे दुपारच्या नमाजानंतर, एवढ्यावर न थांबता मशिदीचं नाव आणि घड्याळाची वेळ द्यावी, कारण बाहेरगावाहून येणाऱ्याला तिथली सामुदायिक नमाजाची वेळ ठाऊक नसते.

वेळ बदललीच तर? व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून जुना मेसेज दुरुस्त करण्यावर विसंबू नका. वर 'वेळेत बदल' असं लिहून, नाव-गावासकट पूर्ण नवा मेसेज पाठवा. नुसतं 'वेळ साडेपाच झाली आहे' हे फिरत फिरत भलत्याच मयताला चिकटतं. घराचं ठिकाण पाठवतानाही असाच एक घोटाळा होतो. लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि ते फोनबरोबर फिरतं. पुतण्या लाकडं आणायला गेला की पाहुणे त्याच्या मागे. साधं, स्थिर ठिकाण पाठवा आणि शब्दांतही खूण लिहा, कारण वाडीच्या वळणावर रेंज जाते.

आता विधी. पहिल्याच निरोपात दहाव्या-तेराव्याची तारीख लिहिण्याची घाई करू नये. दिवस मोजताना पहिला दिवस धरूनच मोजायचा असतो. १२ तारीख पहिली धरली तर दहावा २१ ला येतो. तारखेत दहा मिळवून २२ काढणारे बरेच भेटतात. आणि आपल्या उदाहरणातला मृत्यू रात्रीचा आहे. कोणी ११ धरून दहावा २० ला सांगेल. हे भटजींना आणि भाऊकीतल्या जाणत्याला विचारूनच ठरवायचं, मृत्यूची नेमकी वेळ सांगून. कोणता विधी कुठल्या दिवशी, हेही प्रत्येक समाजात आणि घरात सारखं नसतं. शेजारच्या घराचा मेसेज समोर ठेवून लिहू नका.

एक अपवाद भाऊकीचा. त्यांना मृत्यूचा दिवस लगेच कळायलाच हवा, कारण सुतक त्यांनाही असतं. भाद्रपदाच्या तोंडावर तर मुंबईतल्या भाऊबंदांना गणपती आणायचा की नाही ते यावर ठरवावं लागतं. देवळातला मान ज्याच्याकडे आहे त्याला वेगळा फोन करावा, म्हणजे त्याच्या जागी दुसऱ्याची सोय होते.

दिवस नक्की झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुसरा मेसेज:

> श्रीमती सुमन दत्ताराम परब (माई), शिरगाव, देऊळवाडी, ता. देवगड: पुढील विधी व भेटी
> दहावा: शुक्रवार, २१ नोव्हेंबर, सकाळी ८.३०, नदीवर. भाऊकी व माहेरची मंडळी.
> तेरावा: सोमवार, २४ नोव्हेंबर, राहत्या घरी. जेवण दुपारी १२.३०. सर्व नातेवाईक व ग्रामस्थ.
> घरी भेटीसाठी: शुक्रवार, १४ ते गुरुवार, २० नोव्हेंबर, दुपारी ४ ते ७.
> मुंबईत भेटीसाठी: रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळी १० ते १, विनायक यांच्या घरी, बोरिवली. तोपर्यंत ते घर बंद आहे.
> येताना हार, फळे वगैरे काही आणू नये.
> मुक्कामाला येणाऱ्यांनी संतोष यांना एक दिवस आधी कळवावे.

कोणाला कुठल्या दिवशी बोलावलं आहे ते स्पष्ट नसेल तर तेराव्याला यायचे ते दहाव्याला नदीवर जमतात आणि घरात स्वयंपाकाची पंचाईत होते. मुंबईच्या भेटीची ओळ बहुतेक मेसेजमध्ये नसतेच. मग लोक बोरिवलीच्या कुलूपबंद दाराशी जाऊन परततात, नाहीतर महिनाभर अवघडून बसतात की कधी जावं. भेटीची वेळ लिहिणं कोणाला कोरडं वाटेल, पण तीन रात्री न झोपलेल्या सुनेला दुपारी दोन तास आडवं होता आलं पाहिजे. चौकशीचा नंबर मुलाचा किंवा सुनेचा देऊ नये, तोही याच कारणाने.

राहिले ते लोक ज्यांच्यापर्यंत मेसेज पोहोचतच नाही. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच जाते. सोयऱ्यांपैकी निम्म्यांकडे तुमचा नंबर नसतो आणि तुम्हाला मात्र वाटतं, सर्वांना कळवलं. साधा फोन वापरणाऱ्या मावशी-आत्यांना एसएमएस करायचा तर देवनागरीत एका मेसेजमध्ये ७० अक्षरं बसतात, त्यापुढे तो तुकड्यांत मोजला जातो. त्यात नाव, गाव आणि अंत्ययात्रेची वेळ एवढंच लिहा, नाहीतर सरळ फोन करा. वहीत अशा म्हाताऱ्या माणसांची नावं लिहून काढा, ती दोन भाचरांत वाटून द्या आणि ज्याने ज्याला फोन केला त्याने त्या नावापुढे खूण करावी.