रजिस्ट्रेशनचे रिन्युअल : माझे ३१ पॉइंट २२ कसे झाले

नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस झाल्यावर इंटर्नशिपआधी प्रोव्हिजनल आणि इंटर्नशिप संपल्यावर पर्मनंट, अशी दोन रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करावी लागली. पहिले फक्त इंटर्नशिपपुरते असते. त्या नंबरावर बाहेर स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. दोन्ही वेळा सगळी बॅच एकत्र होती. कोणते कागद राहिले, कोणाचे कम्प्लिशन सर्टिफिकेट कुठे अडकले, हे हॉस्टेलमध्ये सगळ्यांना ठाऊक असायचे, त्यामुळे फारसे काही चुकले नाही.

रिन्युअलला मात्र तुम्ही एकटे असता. कोणी कोकणात, कोणी दिल्लीत, मी काटोलकडच्या एका दवाखान्यात. म्हणून नव्याने रजिस्टर होणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पर्मनंट रजिस्ट्रेशनची मुदत पाच वर्षांची असते. रिन्युअलसाठी त्या पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे असतात, म्हणजे वर्षाला साधारण सहा. हे पॉइंट सीएमईला हजर राहून मिळतात. नॉर्थ अंबाझरी रोडवरचा आयएमए हॉल, मेडिकल आणि मेयोची सभागृहे, वेगवेगळ्या स्पेशालिटीच्या संघटनांचे रविवारचे कार्यक्रम असे नागपुरात वर्षभर काही ना काही सुरू असते. तेव्हा संधी नसते ही तक्रार इथे चालत नाही.

माझी मुदत २०२३ मध्ये संपत होती. पाच महिने आधी सगळी सर्टिफिकेटे जेवणाच्या टेबलावर पसरली आणि बेरीज केली, तर ३१. मी निर्धास्त झाले. तेव्हा आमच्या एका सीनियर मॅडमना सहज फोन केला. त्या म्हणाल्या, "बेरीज नंतर कर. आधी प्रत्येक सर्टिफिकेटवर कौन्सिलची मान्यता आहे का बघ, आणि तुझं नाव कसं लिहिलंय ते वाच."

बघितले तर २०२० मधल्या तीन वेबिनारची प्रत्येकी दोन अशी सहा पॉइंटची सर्टिफिकेटे निव्वळ आयोजकांची होती. वर मोठ्या अक्षरांत 'क्रेडिट' छापलेले, पण कौन्सिलच्या मान्यतेचा उल्लेख कुठेच नाही. ते सहा गेले. एका परिषदेच्या तीन पॉइंटच्या सर्टिफिकेटवर माझे लग्नानंतरचे आडनाव होते, रजिस्ट्रेशन नंबरच नव्हता आणि कौन्सिलकडे माझे नाव माहेरचे. तेही तूर्त बाजूला ठेवले. ३१ मधून नऊ गेले, उरले २२. आठ कमी.

सुदैवाने पाच महिने हातात होते. मान्यता आधी विचारून मी दोन सीएमईंना गेले आणि आठ पॉइंट भरून काढले. हेच मुदत संपल्यावर कळले असते, तर रजिस्ट्रेशन चालू नसताना पेशंट तपासण्याची वेळ आली असती. ते बेकायदेशीर आहे, आणि एखाद्या केसमध्ये वाद उभा राहिला तर सगळ्यात आधी रजिस्ट्रेशनची तारीखच तपासली जाते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. सीएमईला पोहोचले की हजेरीच्या पानावर नाव कौन्सिलकडे आहे तसेच लिहायचे आणि शेजारी रजिस्ट्रेशन नंबर स्वतःच्या हाताने टाकायचा. घाईत दुसऱ्या कोणाला 'माझंही लिही' असे सांगायचे नाही, कारण सर्टिफिकेट त्या पानावरूनच तयार होते. ते हातात आले की नाव, नंबर, मान्यता आणि पॉइंट तिथेच वाचायचे. हॉलमध्ये चूक सापडली तर दहा मिनिटांत दुरुस्त होते. तीन वर्षांनी आयोजक बदललेले असतात, जुन्या याद्या कोणाकडे आहेत ते कळत नाही. माझे ते तीन पॉइंट असेच कायमचे गेले.

नावाचा प्रश्न मुलींना जास्त येतो. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपले नाव, मग वडिलांचे. आधारवर क्रम वेगळा. लग्नानंतर बँकेत आणखी तिसरेच. नाव बदलायचे असेल तर कौन्सिलकडे रीतसर अर्ज करून बदला, नाहीतर व्यावसायिक कागदांवर जुनेच कायम ठेवा. मी जुनेच ठेवले. दवाखान्याच्या पाटीवर आणि प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर लिहावाच लागतो, आणि त्या नंबरासमोर कौन्सिलच्या नोंदीतलेच नाव असलेले बरे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नॅशनल मेडिकल रजिस्टरचे पोर्टल सुरू केले. तिथे ओळख आधारवरून पटवतात, म्हणून नावातला फरक आता आणखी लवकर उघडा पडतो.

पुढे एमडी किंवा एमएस केलेत तर ती पदवीही कौन्सिलकडे नोंदवायची असते. पण पदवी नोंदवणे आणि रिन्युअल ही दोन वेगळी कामे आहेत. पदवीची नोंद झाली, आता पाच वर्षे काळजी नाही, असे समजून बसलेले माझ्या ओळखीतच दोघे आहेत. पर्मनंट सर्टिफिकेटवरची मुदतीची तारीख आजच मोबाइलमध्ये टाका आणि आठवण सहा महिने आधीची लावा.